चौकातला लाल दिवाच लागत नाही : वाहतूक शाखेला पत्र कसं लिहावं?

होटगीकर (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवी आहे. आमच्या घराजवळच्या चौकातला सिग्नल जवळपास आठवडाभर बिघडलाय. चौकाचं नाव मुद्दाम देत नाही, पण सोलापूरकर ओळखतीलच. चार रस्त्यांचा चौक आहे, एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला भाजीवाले, आणि सकाळी एसटी, रिक्षा आणि शाळेच्या व्हॅन सगळं एकदमच येतं. परवा एका आजोबांना दुचाकीची धडक बसता बसता राहिली. त्यात आता गड्ड्याची यात्रा तोंडावर आलीय.

मी पत्राचा मसुदा केलाय :

"माननीय महोदय, आपणांस नम्र विनंती की, आमच्या भागातील सिग्नल गेल्या अनेक दिवसांपासून नादुरुस्त असून त्यामुळे नागरिकांचे जीवन धोक्यात आले आहे. प्रशासनाची ही अनास्था अत्यंत खेदजनक आहे. आपण तातडीने लक्ष घालून सिग्नल दुरुस्त करावा, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल."

काही बदल सुचवा. पाठवायचं कुणाला, पोलिसांना की महापालिकेला?

शेंगाचटणी

'अन्यथा तीव्र आंदोलन' बघूनच पुढचा माणूस फाईल बाजूला ठेवतोय ओ दादा. असली पत्रं दिवसाला दहा येत असतील.

बोरामणीचा_बाळ्या

काय बे, सिग्नल कुणाचा म्हणून काय विचारायलास? सिग्नल पोलिसांचा. थेट वाहतूक शाखेत जा, तिथं सांग, काम झालं.

कडक_भाकरी

बाळ्या, तितकं सोपं नाही. खांब, दिवे, केबल बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम बहुतेक शहरांत महापालिकेचा विद्युत विभाग ठेकेदाराकडून करून घेतो. वेळ किती ठेवायची, चौकात माणूस उभा करायचा का, हे पोलीस ठरवतात. रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा असला तर आणखी तिसराच मालक. म्हणून पत्र वाहतूक शाखेच्या नावाने, आणि प्रत महापालिकेला. दोघांनाही एकाच पत्राचा आवक क्रमांक मिळाला की 'ते आमच्याकडे नाही' म्हणायला जागा कमी राहते.

वायरमन_काका

मी बारा वर्षं सिग्नलच्या कामावर होतो, आता निवृत्त आहे. होटगीकर, राग मानू नका, पण तुमच्या पत्रात सिग्नलला नेमकं काय झालंय तेच नाही. 'नादुरुस्त' म्हणजे काय? चारही बाजू अंधारात आहेत? एकच बाजू? हिरवा अडकून बसलाय? सगळे पिवळे लुकलुकतायत? या प्रत्येकाला वेगळा माणूस, वेगळा सुटा भाग आणि वेगळी घाई लागते. पत्रातून ते कळलं नाही, तर आधी एक माणूस येऊन बघून जाणार आणि मग दुसरा सामान घेऊन येणार. त्यातच आठवडा जातो.

माझं ऐका. संध्याकाळी गर्दीच्या वेळी चौकात वीस मिनिटं उभं राहा. कुठल्या दिशेने येताना कोणता दिवा लागत नाही ते लिहा. घड्याळ लावून हिरवा, पिवळा, लाल किती सेकंद चालतो ते मोजा. मग सांगा.

होटगीकर

काका, आज उभा राहिलो. भाजीवाली मावशी विचारत होती, "काय रे बाबा, कुणाची वाट बघायलास?" :)

रेल्वे स्टेशनच्या बाजूने येताना जो खांब लागतो त्याचा लाल लागतच नाही. हिरवा ३५ सेकंद, पिवळा ३ सेकंद, दोन्ही नीट. मग लाल लागायला हवा तिथं ९२ सेकंद सगळं काळं. मग पुन्हा हिरवा. नऊ फेऱ्या बघितल्या, नवही वेळा तसंच. बाकी तिन्ही रस्त्यांचे दिवे ठीक.

मधली_वेस

सॉरी, पण दिवस कोणता आणि वेळ कोणती? संध्याकाळी पाचला पश्चिमेचं ऊन थेट खांबावर पडतं. उन्हात दिवा लागलेला असून दिसत नाही, आणि कधी कधी उलटही होतं, बंद दिव्यावर ऊन पडून तो लागल्यासारखा वाटतो. म्हणून तर दिव्यावर ती टोपी असते. बंद नसेलच तो.

होटगीकर

ताई, शंका बरोबर होती, म्हणून रात्री साडेआठला परत गेलो. हिरवा दिवा लखलखीत, पिवळा लखलखीत, लाल मात्र ठार काळा. ऊन नाही.

मधली_वेस

मान्य. मग खरंच गेलाय. :)

वायरमन_काका

झकास. आता बघा, तुम्ही अर्धं निदान केलंत. हिरवा आणि पिवळा वेळेवर लागतोय म्हणजे त्या खांबापर्यंत वीज येतेय आणि पेटीतलं कंट्रोलर चालू आहे. फक्त लालचा दिवा किंवा त्याची तार गेली. आता एकच बघायचं. त्याच दिशेने येणाऱ्या लोकांसाठी चौकाच्या पलीकडेही एक खांब असतो, त्याला आम्ही सेकंडरी म्हणायचो. त्याचा लाल लागतोय का? साधारणपणे दोन्ही लाल कंट्रोलरच्या एकाच बाहेरपडीवरून जातात. पलीकडचा लागत असेल तर कंट्रोलर सुटला, दोष याच खांबातला दिवा नाही तर त्याच्या पायथ्याच्या पेटीतला जोड. पावसाचं पाणी, उंदीर, काहीही असू शकतं.

आणि एक, लोकांना धोका का वाटत नाही ते सांगतो. सगळा चौक बंद असला तर चारही बाजूंचे लोक सावध होतात, हळू जातात. इथे मात्र तुमच्या बाजूच्या माणसाला वाटतं 'सिग्नल बंद दिसतो', म्हणून तो निघतो, आणि आडव्या रस्त्यावरच्याला हिरवा आहे म्हणून तो निर्धास्त असतो. पूर्ण बंदपेक्षा हे जास्त वाईट. पत्रात हेच वाक्य हवं.

गड्ड्यातला_पाळणा

म्हणजे आमच्याकडे मेहुणा आणि मेव्हणी दोघांनाही वाटतं की दुसऱ्यानं गप्प बसावं, तसं.

शेंगाचटणी

धाग्याचं नाव 'लाल दिवा', पाळणेदादांचं घर कुठं गेलं. :D

चलान_आलं_राव

माझंही ऐका. मला ई-चलान आलंय, सिग्नल तोडला म्हणून. मी बरोबर त्याच चौकात होतो असं वाटतंय! लाल लागतच नाही तर मी तोडला कसा? हे पत्रात घालता येईल का?

कडक_भाकरी

भाऊ, तुमचं चलान वेगळं, त्यांचं पत्र वेगळं. एका पत्रात दोन मागण्या घातल्या की दोन्ही राहतात. आधी चलानावरचा फोटो, तारीख, वेळ आणि ठिकाण बघा. मग महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करा. फोटोत दिवा दिसतोय का?

चलान_आलं_राव

फोटोत फक्त माझी गाडी आणि नंबर. दिवा नाही.

बोरामणीचा_बाळ्या

सिग्नल बंद असला की चलान लागूच होत नाही. कायदाच आहे.

वायरमन_काका

बाळ्या, तितकं सरळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या ११९व्या कलमात वाहतूक चिन्हं पाळायचं बंधन आहे, आणि दिवाच लागला नव्हता तर ते मोडलं नाही, हा बचाव होऊ शकतो. पण ते दाखवायचं तुम्हाला लागेल. शिवाय दिवा गेलेल्या चौकात सुसाट जायची मुभा मिळत नाही. तारखेचा व्हिडिओ असता तर फरक पडला असता. होटगीकर, त्यावरून आठवलं. पुरावा म्हणून फोटो नको, व्हिडिओ काढा. एलईडीचा दिवा डोळ्याला स्थिर दिसला तरी आतून लुकलुकत असतो, म्हणून फोटोत कधी लागलेला दिवाही बंद दिसतो. तुमचा फोटो बघून कोणी म्हणेल 'कॅमेऱ्याचा खेळ आहे'. एक सलग फेरी काढा, हिरवा, पिवळा, काळा, आणि त्या काळ्या वेळात आडव्या रस्त्याचा हिरवा त्याच चौकटीत आला पाहिजे. झूम न करता.

अक्कासाहेब_सात_रस्ता

वाचतेय. माझ्या सासूबाई बसने जातात आणि असल्या चौकात खूप घाबरतात. पलीकडच्या खांबाचं काय झालं, होटगीकर?

होटगीकर

अक्का, तेच सांगायला आलो. पलीकडचा खांब बघितला. लाल लागतो आहे की! पण कुणाला दिसणार? खांबावर कुणाच्यातरी वाढदिवसाचा आठ बाय दहाचा फ्लेक्स लटकवलाय. दिव्याचा लालभडक गोल नेमका 'भावी नगरसेवक' या शब्दांच्या मागे. मी फुटपाथवर वाकून बाजूने बघितलं तेव्हा कुठे दिसला. रस्त्यावरून येणाऱ्याला दिसणं शक्यच नाही.

शेंगाचटणी

'भावी' हा शब्द दिव्याच्या मागे असता तर निदान लाल झळकला असता.

वायरमन_काका

हे बघा, आता काम सोपं झालं. कंट्रोलर ठीक, पलीकडचा दिवा ठीक. दोष फक्त जवळच्या खांबाच्या लालमध्ये, आणि पलीकडचा झाकला गेला म्हणून तो दोष प्राणघातक झाला. फ्लेक्स काढायला सुटा भाग लागत नाही, ठेकेदार लागत नाही, शिडी लागते. पत्रात तीच पहिली मागणी ठेवा. पण फ्लेक्स तुम्ही स्वतः फाडू नका. तिथे विजेच्या तारा असतात, आणि वर फ्लेक्सवाल्याचे दोन भाऊही.

रिटायर्ड_हवालदार

मी वाहतुकीत होतो, माझं मत देतो. दिवा दुरुस्त होईपर्यंत काय करायचं तेही लिहा. सकाळी आणि संध्याकाळी एक पोलीस त्या बाजूला उभा करा, एवढं लिहिलं तरी वाचणाऱ्याला लगेच करता येण्यासारखं काम मिळतं. दुरुस्ती त्याच्या हातात नसते, माणूस पाठवणं असतं.

वायरमन_काका

हवालदारसाहेब, माझं थोडं वेगळं आहे. मी म्हणतो सगळा चौक पिवळ्या लुकलुकीवर टाका. नियमाप्रमाणे लुकलुकता पिवळा म्हणजे सावकाश, सांभाळून पुढे जा. निदान आडव्या रस्त्याला खोटा हिरवा तरी मिळणार नाही.

रिटायर्ड_हवालदार

काका, शाळा सुटते तेव्हा त्या चौकात पिवळ्यावर सोडून बघा. दहा मिनिटांत चारही रस्ते एकमेकांत अडकतात, मग कोणी हॉर्न देतो, कोणी शिव्या. दुपारी तीनला किंवा रात्री अकराला ठीक आहे. गर्दीत माणूसच पाहिजे, आणि माणूस हजर असला की पेटीतून हातानेही सिग्नल चालवता येतो.

वायरमन_काका

माणूस मिळाला तर. नाही मिळाला तर?

रिटायर्ड_हवालदार

तर तुमचं बरोबर. पण तेव्हा मी सहमत झालो असं लिहू नका. :)

कडक_भाकरी

होटगीकर, पत्रात दोन्ही पर्याय लिहा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. तांत्रिक हुकूम देऊ नका. आणि माहिती अधिकार आत्ताच नको. त्यात उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते, दिवा लवकर लावायला त्याचा उपयोग नाही. आणि महाराष्ट्रात अर्ज दीडशे शब्दांतच बसवावा लागतो. पत्राला उत्तर आलंच नाही तर नंतर 'माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावर काय केलं' एवढंच विचारा.

अक्कासाहेब_सात_रस्ता

काही फारच वाईट घडलं, किंवा कोणी अडकून पडलं, तर ११२ला फोन. पत्राची वाट बघायची नाही.

होटगीकर

सगळ्यांचं ऐकून दुसरा मसुदा केला. बघा, चूक असेल तर सांगा :

---

प्रति,
मा. अधिकारी, वाहतूक शाखा
प्रत : मा. विद्युत विभाग, महानगरपालिका

विषय : (चौकाचं नाव) येथे स्टेशनकडून येणाऱ्या बाजूचा लाल दिवा बंद, तातडीने दुरुस्ती व तोपर्यंत पर्यायी व्यवस्था होण्याबाबत.

महोदय,

वरील चौकात स्टेशनकडून येताना डाव्या हाताच्या पहिल्या खांबावरील लाल दिवा लागत नाही. आज सायंकाळी ५.३० ते ५.५० या वेळात मी नऊ फेऱ्या पाहिल्या. प्रत्येक वेळी हिरवा (३५ सेकंद) आणि पिवळा (३ सेकंद) व्यवस्थित लागला, त्यानंतर ९२ सेकंद खांब पूर्ण काळा राहिला. रात्री ८.३० वाजताही तसेच होते, त्यामुळे उन्हाचा परिणाम नाही. त्या वेळी आडव्या रस्त्याला हिरवा दिवा असतो. स्टेशनकडून येणाऱ्याला सिग्नल बंद आहे असे वाटते व तो पुढे निघतो. वीस मिनिटांत अशी १४ वाहने मी मोजली.

चौकापलीकडील खांबावर याच बाजूचा लाल दिवा लागतो, परंतु त्यावर जाहिरातीचा फलक असल्याने तो दिसत नाही.

विनंती :
१. पलीकडील खांबावरील फलक आजच काढावा.
२. दिवा दुरुस्त होईपर्यंत गर्दीच्या वेळी (सकाळी ८ ते १०.३०, सायंकाळी ५ ते ८) एक कर्मचारी नेमावा, अथवा आपणांस योग्य वाटल्यास सिग्नल पिवळ्या लुकलुकीवर ठेवावा.
३. पहिल्या खांबाचा लाल दिवा, त्याची तार व पायथ्याची पेटी तपासून दुरुस्त करावी.

सलग चित्रीकरण पेन ड्राइव्हवर सोबत जोडले आहे. दुरुस्ती झाल्यास कळवावे, मी प्रत्यक्ष पाहून कळवीन.

आपला,
(नाव, पत्ता, मोबाईल)

---

शेंगाचटणी

'अन्यथा' गेला. शाब्बास.

वायरमन_काका

फार चांगलं. एकच भर : खांबावर रंगाने काही क्रमांक लिहिला असेल तर तो टाका. नसेल तर 'ज्या खांबाला औषधाच्या दुकानाची पाटी लागून आहे' असं काही. तंत्रज्ञाला नावापेक्षा तेच पटकन सापडतं. डावं, उजवं नेहमी कोणत्या दिशेने येताना ते लिहिलंत, हे फार कमी लोक करतात.

मधली_वेस

'फलक' नीट. नाहीतर 'फ्लेक्स कुणाचा' यातच आठवडा जाईल.

रिटायर्ड_हवालदार

स्वतः जाऊन द्या आणि दोन्ही प्रतींवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसतं 'मिळाले' आणि सही चालत नाही. ईमेलही करा, पण शिक्क्याचा कागद हातात असावा.

होटगीकर (चार दिवसांनी)

अपडेट. सोमवारी दोन्हीकडे दिलं. वाहतूक शाखेत एका साहेबांनी व्हिडिओ माझ्या मोबाईलवरच पाहिला, 'असं लिहून आणलं तर बरं पडतं' म्हणाले. मंगळवारी दुपारी फ्लेक्स उतरला. संध्याकाळी एक पोलीस उभा होता, पण शाळेच्या वेळेला सकाळी कुणी नव्हतं. महापालिकेत विचारलं तर 'ठेकेदाराला सांगितलंय'. दिवा अजून बंदच, पण पलीकडचा दिसतोय, त्यामुळे गाड्या थांबतात. पूर्वीसारख्या नाही, पण थांबतात.

गड्ड्यातला_पाळणा

निम्मं यश म्हणजे आमच्याकडे पूर्ण यश.

चलान_आलं_राव

माझ्या चलानाचं काय झालं कोणी विचारलं नाही. तक्रार टाकलीय, 'प्रलंबित' दिसतंय.

होटगीकर (आणखी सहा दिवसांनी)

आज दिवा बदलला. तंत्रज्ञ शिडीवर चढला, दिवा काढला, त्याच्या पाठीमागे पाणी साठलेलं होतं. पायथ्याच्या पेटीतला रबर गेला होता म्हणे, तो बदलला नाही, चिकटपट्टी लावली. आता लाल लागतोय. पण नवीन कटकट : खांबावरच्या आकड्यांचा मेळ लागत नाही. ९ दाखवतो आणि हिरवा लागतो.

वायरमन_काका

तो आकडा दाखवणारा डबा पुष्कळदा वेगळा असतो, तो मागच्या फेरीची वेळ लक्षात ठेवून मोजतो. दिवा बदलताना वेळ हलली असेल तर एक-दोन फेऱ्यांत त्याला ताळमेळ साधतो. रात्रीपर्यंत तसंच राहिलं तर सांगा. पेटीतल्या रबराबद्दल मात्र पावसाआधी परत लिहा. चिकटपट्टी मृगात सुटते.

होटगीकर

रात्रीही ९च. :( दुसरं पत्र करतोय, मागच्या आवक क्रमांकाचा उल्लेख टाकतो. मसुदा उद्या टाकतो, तोपर्यंत चलानवाल्या भाऊंना उत्तर द्या कोणीतरी.